न वाढलेल्या थाळीचे पैसे

जूनच्या शेवटी पुण्यात कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की मेसच्या काउंटरवर वर्षातला सगळ्यात सुखाचा महिना उजाडतो. लातूर-नांदेडहून आलेली मुलं, सोबत त्यांचे वडील, हातात रोख पैसे. काकू कुपनांचं पुस्तक पुढे सरकवतात आणि महिन्याभराच्या जेवणाचे पैसे एका फटक्यात गल्ल्यात पडतात. हॉटेलवाल्याचं दिवाळीतलं गिफ्ट व्हाउचरही असंच. एखादी कंपनी कर्मचाऱ्यांना वाटायला हजार-हजाराची शंभर व्हाउचरं उचलते आणि एकही भजी न तळता लाख रुपये येतात.

हिशेबाच्या भाषेत मात्र त्या दिवशी काहीच कमाई झालेली नसते. झालेलं असतं ते देणं. बँकेचं कर्ज रुपयांत फेडायचं असतं, हे वरण-भात-पोळीत फेडायचं असतं, एवढाच फरक.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण मेसवाल्यांना ओळखीचे वाटतील. सुटी थाळी ११० रुपये. साठ कुपनांचं पुस्तक ४,८०० रुपयांना, म्हणजे कुपनाला ८० रुपये पडले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पन्नास पुस्तकं खपली. गल्ल्यात २,४०,००० आले आणि बाजारात ३,००० कुपनं गेली. महिनाअखेर डब्यातली कुपनं मोजली तर २,१०० भरली. म्हणजे जुलैची खरी विक्री १,६८,००० रुपयांची. उरलेली ९०० कुपनं मुलांच्या पाकिटात आहेत, त्यांचे ७२,००० रुपये ताळेबंदात देण्याच्या बाजूला, ‘ग्राहकांची आगाऊ जमा’ म्हणून दिसायला हवेत.

रोकड वहीपुरता हिशेब ठेवणारा मालक जुलैत २,४०,००० पाहतो आणि नवा डीप फ्रीझर घेतो. ऑगस्ट उजाडतो. जेवणारी तोंडं तेवढीच असतात, पण पहिले पंधरा दिवस नवं पुस्तक कोणीच घेत नाही, कारण सगळ्यांकडे जुनी कुपनं आहेत. त्या ९०० थाळ्यांचा किराणा, भाजी आणि गॅस थाळीमागे ५५ रुपये धरला तरी ४९,५०० रुपये खिशातून घालायचे असतात. भाडं आणि आचाऱ्याचा पगार वेगळाच. चांगली चाललेली मेस गणपतीच्या आधी अचानक उधारीवर येते ती बऱ्याचदा अशी. यावर सोपा उपाय म्हणजे दोन खाती: पुस्तकाचे पैसे एका खात्यात भरायचे आणि दर रविवारी जमा झालेल्या कुपनांच्या किमतीएवढेच तिथून धंद्याच्या खात्यात काढायचे.

कराच्या बाबतीत एक भेद समजून घ्यावा लागतो. रेस्टॉरंटच्या जेवणावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या मेसला नोंदणीचीच गरज नसते, पण आपल्या उदाहरणातली मेस ती मर्यादा सहज ओलांडेल. अशा मेसने महिन्याचं कार्ड विकलं, म्हणजे ठरलेलं जेवण, ठरलेला काळ आणि ठरलेली रक्कम, तर ती सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम ठरते आणि पैसे हातात आले त्याच महिन्यात तिच्यावर कर लागतो. मुलगा जेवला की नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. हजार रुपयांच्या गिफ्ट व्हाउचरचं तसं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर निघालेल्या परिपत्रकाने स्पष्ट केलं की व्हाउचरची खरेदी-विक्री हा स्वतः करपात्र व्यवहार नाही. कर लागतो तो व्हाउचर देऊन जेवण घेतलं जातं तेव्हा. शिवाय न वापरता मुदत संपलेल्या व्हाउचरच्या पैशांवर जीएसटी नाही, हेही त्यात आलं. कुपनांचं पुस्तक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतं. तिथे आपल्या सीएकडून लेखी मत घेऊन ठेवावं, तोंडी नको.

रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते का, असाही प्रश्न येतो. आपलं व्हाउचर आपल्याच हॉटेलात चालत असेल तर लागत नाही. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडेही ते चालवायचं ठरवलं, की मात्र प्रकरण दुसऱ्यांच्या वतीने पैसे फिरवण्याकडे जातं. दोघा मित्रांनी चहा पिताना ठरवायची ही गोष्ट नव्हे.

आता मुदतीकडे येऊ, कारण काउंटरवरची निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात. मालकाची बाजू आधी ऐकली पाहिजे. ८० रुपयांचं कुपन म्हणजे उद्याच्या भावाने जेवण वाढण्याचं आजचं वचन. तूरडाळ चढली, सिलिंडर महागला, तरी जुन्या कुपनावर थाळी तीच द्यावी लागते. मुदत नसेल तर हे ओझं कधी संपतच नाही. म्हणून साठ कुपनांना ४५ दिवस किंवा दोन महिने ही मुदत गैर म्हणता येणार नाही. गैर असतं ते मुदत संपताच ८० रुपये शून्य करून टाकणं. मुदतीचं कारण भाववाढ असेल तर उपाय भाववाढीपुरता असावा: मुदत संपलेलं कुपन थाळीऐवजी ८० रुपये धरायचं आणि फरक रोख घ्यायचा. असं करणारा मालक फारसं गमावत नाही आणि भांडणही मिटतं.

खाड्यांचा नियमही याच वर्गातला. आदल्या रात्री सांगितलं तर खाडा धरायचा, सलग तीन दिवस असेल तरच धरायचा, असे नियम मेसगणिक बदलतात. त्यामागे कारण आहे. कणीक सकाळी मळली जाते; दुपारी एकला आलेल्या फोनने मालकाचं काहीच वाचत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुलं गावी गेली, तेव्हा मात्र कुठल्याच नियमाने उत्तर दिलं नाही. तिथे मुलांनी खाडा केला नव्हता, मेसच बंद होती. न दिलेल्या जेवणाचे पैसे अशा वेळी परत करणं किंवा मुदत वाढवणं भागच आहे, आणि तशी एक ओळ पुस्तकावर आधीच छापलेली बरी.

आपल्याकडे एका हॉटेलपुरत्या व्हाउचरला किमान अमुक मुदत हवी असा वेगळा कायदा नाही. अमेरिकेत २००९ च्या केंद्रीय कायद्याने विकलेल्या गिफ्ट कार्डातल्या पैशांना किमान पाच वर्षं दिली आहेत. इथे आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. एकतर्फी, जाचक अटींना त्यात ‘अनुचित करार’ म्हटलं आहे, पण त्याबद्दलची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. पाचशेच्या व्हाउचरसाठी इतकं कोण करणार? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करणं जास्त व्यवहार्य. घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी तीनच गोष्टी विचाराव्यात: मुदत कधीपासून मोजता, शनिवार-रविवारी चालतं का, आणि हजाराच्या व्हाउचरवर बिल ७६० झालं तर २४० चं काय.

गैरवापर म्हटलं की मालकाच्या डोळ्यासमोर गिऱ्हाईक येतं: कुपनाची रंगीत झेरॉक्स, एकाच कार्डावर जेवणारे तीन रूममेट, व्हॉट्सअॅपवर आलेल्या व्हाउचरचा फोटो दोन शाखांत दाखवणारा हुशार जोडीदार. हे होतं, पण नंबर आणि शिक्का असला की पटकन सापडतं. मोठी गळती काउंटरच्या आतल्या बाजूला असते.

तिची रीत अशी. सुट्या थाळीचं गिऱ्हाईक ११० रुपये रोख देऊन जातं. कॅशियरकडे काल जमा झालेलं, पण न फाडलेलं एक कुपन असतं. तो ते पुन्हा डब्यात टाकतो आणि ११० रुपये खिशात. रात्री मालक मोजतो: ताटं १४०, कुपनं ९६, रोखीची ४४, बरोबर जुळलं. हिशेब जुळतो म्हणूनच चोरी दिसत नाही. बिलिंगच्या संगणकावरही हेच होतं. रोखीचं बिल छापून गिऱ्हाईक गेलं की पैसे भरण्याचा प्रकार ‘रोख’ बदलून ‘व्हाउचर’ करायचा.

मग हे कळतं कसं? वापरली न गेलेली कुपनं दरवर्षी थोडी राहतातच. कोणी गावी जातं, कोणाचं पुस्तक हरवतं. समजा ३,००० मागे दीडशे कुपनं कधीच परत येत नाहीत. ही दीडशेची फट म्हणजेच चोराची जागा, कारण तेवढी कुपनं दोनदा फिरवली तरी एकूण आकडा विकलेल्या कुपनांच्या वर जात नाही. एखाद्या वर्षी दीडशेऐवजी वीसच राहिली, तर मुलं शिस्तीची झाली असं समजू नये. गिफ्ट व्हाउचरमध्ये खूण वेगळी. हजाराचं व्हाउचर घेऊन आलेलं कुटुंब सहसा बाराशे-चौदाशेचं जेवतं आणि वरचे पैसे भरतं. ज्या कॅशियरच्या पाळीत व्हाउचरची बिलं व्हाउचरच्या रकमेशी नेमकी जुळतात, किंवा बिल छापल्यानंतर अर्ध्या तासाने प्रकार बदललेला असतो, त्याची पाळी तपासावी.

बंदोबस्त जुनाच आहे. प्रत्येक कुपनाला नंबर, घेताक्षणी गिऱ्हाइकासमोर कोपरा फाडणं, आणि नंबरांची नोंद कॅशियरने न करता दुसऱ्याने करणं. न विकलेली पुस्तकं नोटांसारखी कपाटात, मोजून. आणि नाराज गिऱ्हाइकाला किंवा ओळखीच्याला फुकट दिलेली व्हाउचरं वेगळ्या रंगाची, वेगळ्या क्रमांकाची. त्यांचे पैसे आलेलेच नाहीत, म्हणून ती आगाऊ जमेत धरायची नाहीत. वापरली गेली की सूट म्हणून मांडायची. दोन्ही एका गठ्ठ्यात ठेवली की कॅशियरला फुकटच्या व्हाउचरवर रोख उचलायला रान मोकळं.

शेवटचा धोका मेस हात बदलते तेव्हाचा. जागा आणि भांडी ‘चालवायला’ दिली जातात, पाटी तीच राहते आणि नवा माणूस जुनी कुपनं घ्यायला नकार देतो. मुलं दोघांच्या मध्ये अडकतात. सौद्याच्या कागदावर म्हणूनच बाहेर असलेल्या कुपनांचे नंबर लिहावे लागतात. वरच्या उदाहरणातली मेस ३१ जुलैला विकली, तर घेणाऱ्याने ठरलेल्या किमतीतून ७२,००० रुपये वजा करायला सांगावं, आणि मुलांनीही जुन्या मालकाकडून आपल्या उरलेल्या कुपनांची सही-शिक्क्याची पावती त्याच दिवशी घ्यावी.