चोवीस जागा, आठ आठवडे
योगवर्गातून व्यवसायाकडे : लेखांक ६

जून उजाडला की योगशिक्षकांचे फोन वाजू लागतात. "मॅडम, एकवीस तारखेला एक तास घ्याल का? शंभरएक लोक येतील. टी-शर्ट आमचे." संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये योग दिनाला मान्यता दिली आणि २०१५ पासून कंपन्यांच्या कॅलेंडरात या तारखेची जागा पक्की झाली. तासभराचे वर्ग होतात, ग्रुप फोटो निघतो, पुष्पगुच्छ मिळतो. वर्षभराचे काम मात्र त्यातून क्वचितच येते. तो खर्च दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेसारखाच, समारंभाच्या खात्यातून झालेला असतो आणि समारंभ संपला की खातेही बंद होते.

नियमित वर्ग हवा असेल तर एचआर हेडसमोर वेगळी मागणी घेऊन जावे लागते. आठ आठवड्यांची, वीस-पंचवीस जणांची एक पायलट बॅच मागायची. ही मागणी मांडल्यावर पहिल्याच भेटीत एक प्रश्न येतो, आणि बहुतेक शिक्षक तिथेच घसरतात: "योगा चांगलाच आहे हो, पण कंपनीला याचा फायदा काय?"

मोह असा होतो की मोठा आकडा फेकावा. रजा कमी होतील, वैद्यकीय खर्च घटेल, एका रुपयाचे तीन रुपये होतील. हा 'एकाचे तीन' कुठून आला तेही सांगता येते. २०१० मध्ये कॅथरिन बेकर आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडले होते, की वेलनेस कार्यक्रमावर खर्चलेल्या एका डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे सव्वातीन डॉलर वाचतात. त्यानंतर कित्येक वर्षे हा आकडा सादरीकरणांतून फिरत राहिला. गंमत पुढे आहे. याच बेकर यांनी झिरुई साँग यांच्याबरोबर बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी दुकानसाखळीत सोडतीने ठिकाणे निवडून मोठा प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम राबवलेल्या ठिकाणचे कर्मचारी जास्त व्यायाम करतो असे सांगत होते. पण रक्तदाब, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यांत दीड वर्षानंतरही लक्षणीय फरक नव्हता.

त्याच वर्षी आलेला इलिनॉय विद्यापीठातला अभ्यास योगशिक्षकाला आणखी उपयोगी आहे. तिथे सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची सोडतीने विभागणी केली होती. कार्यक्रमात उत्साहाने सामील झालेल्यांचा वैद्यकीय खर्च सामील होण्याआधीपासूनच कमी होता, असे त्यात दिसले. म्हणजे नुसते 'येणारे' आणि 'न येणारे' यांची तुलना केली, तर वर्गाने काहीही केले नसले तरी वर्ग यशस्वी दिसतो. वाचणाऱ्या एचआर हेडला हे ठाऊक असते. ज्याला नसते, त्याच्या फायनान्सवाल्या सहकाऱ्याला असते.

मग सांगायचे काय? जे आठ-बारा आठवड्यांत दिसू शकते, तेवढेच. एट्ना या अमेरिकी विमा कंपनीत २३९ कर्मचाऱ्यांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. योगाच्या आणि सजगतेच्या वर्गांना बसलेल्यांना जाणवणारा ताण, वर्ग न मिळालेल्यांच्या तुलनेत जास्त उतरला आणि झोपही सुधारली. ताण आणि झोप यांच्यावर बोट ठेवावे, मान-पाठीच्या तक्रारी फार तर जोडाव्यात, आणि रजा किंवा विम्याचा हप्ता यांविषयी सरळ म्हणावे, "ते आठ आठवड्यांत कळणार नाही." हे वाक्य ऐकून समोरची व्यक्ती खुर्चीत जरा पुढे सरकते, कारण तिच्याकडे येणारे बाकीचे विक्रेते असे काही बोलत नाहीत.

आता एक नमुना घेऊ. समजा, पुण्यात हिंजवडीला तीनशे माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. बरेच कर्मचारी कंपनीच्या बसने येतात, संध्याकाळी साडेपाचनंतर अमेरिकेशी कॉल सुरू होतात. सकाळचा वर्ग ठेवला तर ट्रॅफिक खातो, संध्याकाळचा ठेवला तर क्लायंट खातो. दुपारी जेवणानंतर पोट भरलेले असते. उरते ती जेवणाआधीची वेळ: मंगळवार आणि गुरुवार, सव्वाबारा ते पाच कमी एक. चाळीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा, एकूण सोळा सत्रे. सोमवार टाळायचा, कारण त्या दिवशी बैठका असतात. शुक्रवार टाळायचा, कारण निम्मे लोक घरून काम करतात.

जागेची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बॅच मोडते ती इथेच. ट्रेनिंग रूम सोळाही दिवसांसाठी एकदम बुक झाली पाहिजे, आणि ती एचआर हेडच्या नावाने झाली पाहिजे. शिक्षिकेच्या नावाने किंवा एखाद्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्हच्या नावाने केलेले बुकिंग तिसऱ्या आठवड्यात क्लायंट व्हिजिटसाठी हलते. एकदा वर्ग कॅन्टीनच्या कोपऱ्यात गेला की पोळीभाजीच्या वासात शवासन करायला कोणी परत येत नाही. खुर्चीतली आसने घ्यायची तर चाकांच्या खुर्च्या चालत नाहीत. चार पायांच्या साध्या खुर्च्या अ‍ॅडमिनकडून आधीच मागून घ्याव्यात. कपडे ऑफिसचेच असणार, कोणी साडीत तर कोणी जीन्समध्ये, त्यामुळे पहिले दोन आठवडे उभ्याने आणि खुर्चीत करता येईल एवढेच शिकवावे. आयुष मंत्रालयाचा पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' कार्यक्रम याच विचाराने बेतला आहे: ताडासन, कटिचक्रासन, खांद्यांच्या हालचाली, नाडीशोधन, भ्रामरी, थोडे ध्यान. कपडे बदलायला नकोत, चटई नको. एचआर हेडला भेटीतच त्याची पाच मिनिटे करून दाखवणे हे वीस स्लाइड्सपेक्षा बरे.

बॅच भरताना 'ज्यांना यायचे त्यांनी या' म्हणू नये. नावे मागवावीत आणि जागा चोवीसच ठेवाव्यात. समजा एकेचाळीस नावे आली. चोवीस जण चिठ्ठ्या टाकून निवडायचे, उरलेल्या सतरा जणांना पुढच्या बॅचची जागा आताच देऊन टाकायची. वशिला चालवायचा नाही, अगदी व्हाइस प्रेसिडेंटचाही. हे सतरा जण फार मोलाचे असतात. त्यांनाही वर्गाची इच्छा आहे, त्यांचाही ताण तसाच आहे. फक्त वर्ग मिळालेला नाही. इलिनॉयमधला घोटाळा टाळायचा छोटा, घरगुती उपाय तो हाच.

पहिल्या सत्राआधी दोन कागद भरून घ्यायचे. पहिला तब्येतीचा: रक्तदाब, काचबिंदू, स्लिप डिस्क, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. रक्तदाब असलेल्याला जोरकस कपालभाती द्यायची नाही, डिस्कचा त्रास असलेल्याला खोल पुढे वाकवायचे नाही, काचबिंदू असेल तर डोके खाली जाईल असे काही करवायचे नाही. हा कागद शिक्षिकेकडे राहतो. एचआरने मागितला तरी द्यायचा नाही, आणि तसे प्रपोजलमध्येच लिहायचे. गरोदर असल्याचे मॅनेजरच्या आधी योगवर्गातून फुटले, तर पुन्हा त्या कंपनीत कोणी खरे लिहिणार नाही. हाताने आसन दुरुस्त करायचे का, हेही याच कागदावर विचारून घ्यावे. 'नको' लिहिणाऱ्याला तोंडीच सांगायचे.

दुसरा कागद ताणाचा. शेल्डन कोहेन यांची १९८३ सालची ताण-मापनाची प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. तिच्या नेहमीच्या रूपात दहा प्रश्न असतात आणि गुण शून्य ते चाळीस. व्यावसायिक वापराच्या अटी आधी तपासाव्यात. भरायला चार-पाच मिनिटे लागतात. चोवीस आणि सतरा, सगळ्या एकेचाळीस जणांनी ती सुरुवातीला भरायची आणि आठव्या आठवड्यात पुन्हा भरायची. नावाऐवजी प्रत्येकाला एक क्रमांक.

मग वर्ग सुरू होतो आणि चौथा आठवडा येतो. पहिल्या आठवड्यात बावीस जण होते, आता पंधरा उरले. घाबरण्याचे कारण नाही, पण न विचारता सोडूनही द्यायचे नाही. गळालेल्यांशी दोन मिनिटे बोलले की कारण कळते, आणि ते बहुतेक वेळा योगाशी संबंधित नसते. एकाच टीमचे चार जण गायब असतील तर टीम लीडने सव्वाबाराला रोजची बैठक लावलेली असते. ती पंधरा मिनिटे अलीकडे घ्यायला एचआर हेड एका फोनवर लावू शकते. शिक्षिकेने दहा मेल पाठवूनही ते होत नाही. म्हणून चौथ्या आठवड्यात हेडबरोबर दहा मिनिटांची भेट आधीच ठरवून ठेवावी.

आठव्या आठवड्याचे गणित असे दिसू शकते. वर्गातल्यांची ताणाची सरासरी २१ वरून १७ वर आली. प्रतीक्षा यादीतल्यांची २०.५ वरून १९ वर. अनुभवी शिक्षिका इथे 'चार गुणांचा फरक' असे लिहीत नाही. वर्ग न करता दीड गुण उतरला, कारण त्याच काळात रिलीज संपले. वर्गाच्या नावावर जमा होतात ते अडीच गुण. आणि १७ ही सरासरी सगळ्या चोवीस जणांची हवी, मध्येच सोडून गेलेल्यांसकट. शेवटपर्यंत टिकलेल्या चौदा जणांचीच सरासरी काढली तर आकडा गोड दिसतो, पण तो फसवा असतो. एकेचाळीस माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याच पानावर लिहावे.

पैशांचे थोडक्यात. पायलट फुकट देऊ नये. फुकट वर्गाची पर्चेस ऑर्डर निघत नाही, आणि जिची ऑर्डर नाही तिची खोली सर्वांत आधी जाते. सत्राला २,००० रुपये धरले तर सोळा सत्रांचे ३२,००० होतात; एवढी रक्कम एचआर हेडला बहुधा वरच्या मंजुरीशिवाय देता येते. एकूण हजेरी २७२ भरली, तर एका माणसाच्या एका सत्रामागे सुमारे ११८ रुपये पडतात. हा आकडा फायनान्सला लगेच कळतो. खर्च सीएसआरमधून करू असे कोणी सुचवले तर नम्रपणे थांबवावे: फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेला उपक्रम त्यात बसत नाही. उद्यम नोंदणी आधीच करून घ्यावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन आहे, आणि ते सांगायची वेळ बिल अडकल्यावर येते.

शेवटच्या भेटीला एकच पान न्यायचे. वर हजेरीचा आलेख, मध्ये ताणाचे दोन्ही गटांचे आकडे, खाली काय चुकले ते: दोन सत्रांची खोली गेली, गुरुवारी उपस्थिती कमी, रात्रपाळीच्या सपोर्ट टीममधून एकही नाव नाही. त्याखाली मागणी. वर्षभराचा करार लगेच मागायचा नाही. प्रतीक्षेतल्या सतरा जणांना शब्द दिलेला आहे, त्यांची बॅच पुढच्या महिन्यात सुरू करायची आणि पहिल्या बॅचचे जे टिकले त्यांना आठवड्यातून एक दिवस ठेवायचे, एवढेच. बहुतेक कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि बजेटची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत होते. पायलट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतली तर दुसरी बॅच संपेपर्यंत एचआर हेडसमोर बजेटचा तक्ता उघडलेला असतो आणि तिला त्यात एक ओळ भरायची असते.

(पुढील लेखांकात : वार्षिक करारातील कलमे, बदली शिक्षक आणि रद्द झालेल्या सत्रांचे पैसे.)