2.4 समासातील नोंद आणि कथेतील अदृश्य पात्र

वाचनालयातून आणलेल्या कादंबरीच्या समासात एका अनोळखी वाचकाने पेन्सिलीने केलेल्या नोंदी सापडतात, अशा कथेत लेखकापुढे एक पेच असतो. नोंदी करणारी व्यक्ती कथेत प्रत्यक्ष येत नाही. तिचे पात्र केवळ तिच्या वाक्यांतून उभे राहते. मराठीचे व्याकरण येथे कसे साहाय्य करते, ते एका कल्पित कथेच्या आधारे पाहू.

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारास आलेला एक शेतकरी वाचनालयातून भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (1963) घरी नेतो. त्याची धाकटी बहीण लहानपणी वारली आहे, एवढेच निवेदक आरंभी सांगतो. कादंबरीच्या समासात त्याला तीन नोंदी आढळतात: 'मला हे पटत नाही', 'हे पान मी पुन्हा वाचले', 'उरलेले उद्या पाहीन'. हे लिहिणारा आपल्यासारखाच कोणी पुरुष असावा, असे तो गृहीत धरतो.

लेखकाने येथे काहीही लपविलेले नाही. पहिल्या वाक्यात 'मला' या रूपाशी क्रियापद जुळत नाही. दुसऱ्यात कर्मणी प्रयोग असल्यामुळे 'वाचले' हे रूप 'पान' या कर्मानुसार नपुंसकलिंगी आहे. तिसऱ्यातील 'पाहीन' या प्रथमपुरुषी भविष्यकाळी रूपात लिंगभेदच नाही.

पुढे 'कोसला'च्या नायकाची बहीण मनी हिच्या मृत्यूचा प्रसंग येतो. तेथे समासात लिहिलेले असते: 'मी इथे थांबले.' 'थांबणे' हे अकर्मक क्रियापद असल्याने कर्तरी प्रयोगात ते कर्त्याचे लिंग घेते. पुरुषाने 'थांबलो' लिहिले असते. कादंबरीचा निवेदकही पुरुष असल्याने हे त्याचे उद्गार उतरवून घेतलेले नाहीत, हे उघड होते. एका प्रत्ययाने शेतकऱ्याची समजूत मोडते. तो मागची पाने उलटून त्याच तीन नोंदी एका स्त्रीच्या आवाजात पुन्हा वाचतो आणि वर्षानुवर्षे न उच्चारलेले बहिणीचे नाव त्याच्या ओठांवर येते.

या युक्तीला मर्यादा आहेत. कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही 'मी थांबलो' असे म्हणतात. त्या परिसरात कथा घडविल्यास हा उलगडा होणार नाही. शिवाय प्रत्यय केवळ लिंग सांगतो, दुःखाचे कारण सांगत नाही. ती स्त्री का थांबली, हे पुढच्या नोंदीत स्पष्ट केले, तर पात्र अनोळखी राहत नाही आणि शेतकऱ्याच्या आठवणीला जागा उरत नाही. कथा फसते ती बहुधा येथेच.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
'मी इथे थांबले' याऐवजी 'मला इथे थांबावे लागले' असे लिहिल्यास कथेच्या शेवटावर कोणता परिणाम होईल? प्रयोगाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.