एका अक्षराचा फरक

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे 64 कोडॉन होतात, अमिनो आम्लं मात्र 20, मग उरलेले कोडॉन काय करतात? UAA, UAG आणि UGA हे तीन वाचन थांबवतात. बाकीचे 61 ही 20 आम्लंच सांगतात, म्हणून बहुतेक आम्लांना एकाहून अधिक कोडॉन आहेत. याला अपक्षयता म्हणतात.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं आम्ल घ्या. तिथला GAG ग्लुटामिक आम्ल सांगतो. शेवटचं अक्षर बदलून GAA झालं, तरी आम्ल तेच. माणसाला पत्ताही लागत नाही. मधलं बदलून GUG झालं की तिथे व्हॅलिन येतं. आई-वडील दोघांकडून हाच बदल आला, की सिकलसेल आजार होतो. गडचिरोली, नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांना तो ठाऊक आहे. पहिलं अक्षर बदलून UAG झालं, तर साखळी तिथेच तुटते.

काही ठिकाणी हेच स्थान सातवं लिहिलेलं दिसतं. वाचन AUG पासून सुरू होतं आणि त्याचं मेथिओनिन नंतर छाटलं जातं. ते मोजलं की सात, नाहीतर सहा.

जिवाणूही GAG असाच वाचतात. ‘सार्वत्रिक’ला अपवाद मात्र आपल्याच पेशीत आहे: मायटोकाँड्रियात UGA थांबवत नाही, ट्रिप्टोफॅन सांगतो.