रोलचे नाव आणि रोलचे वर्णन

बँक, पतसंस्था, रुग्णालय, महाविद्यालय अशा कुठल्याही ठिकाणी संगणकावर नोंदी ठेवायच्या म्हटल्या की कोणती नोंद कोणी पाहायची आणि कोणी बदलायची हे ठरवावे लागते. प्रत्येक माणसाला वेगवेगळी परवानगी देत बसण्याऐवजी एका कामाला लागणाऱ्या परवानग्या एकत्र बांधतात, त्या गठ्ठ्याला नाव देतात आणि ज्याच्याकडे ते काम असेल त्याला तो गठ्ठा लावतात. या गठ्ठ्याला रोल म्हणतात. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा मुक्त डेटाबेस आहे. त्यात 2005 सालच्या 8.1 या आवृत्तीपासून वापरकर्ता आणि गट हा भेद गेला आणि दोन्हींसाठी रोल हीच एक गोष्ट राहिली. लॉगिन करता येते तो रोल म्हणजे वापरकर्ता. इतरांना ज्याचे सभासद करून घेतात तो रोल म्हणजे गट.

ही सोय साधी आहे, पण तिच्यामुळे रोलच्या यादीत सगळे एकाच रांगेत उभे राहतात. माणसे, आपोआप चालणारे प्रोग्रॅम, परवानग्यांचे गठ्ठे आणि कोणीतरी चाचणीसाठी केलेले जुने रोल, सगळे तिथेच. एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर `sachin`, `report2`, `newuser`, `karj`, `test_final` अशी यादी समोर आली, तर नव्या अ‍ॅडमिनला यातला कोणता रोल हलवला की कोणते काम बंद पडेल, हे काहीच कळत नाही. रोलकडे कोणते अधिकार आहेत हे डेटाबेस सांगतो. ते का दिले आणि कोणाच्या सांगण्यावरून दिले, हे मात्र माणसाने लिहून ठेवले तरच उरते.

लिहून ठेवायला दोन जागा आहेत: नाव आणि वर्णन. दोन्हींत काय लिहायचे हे ठरवताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. नाव अनेक ठिकाणी पसरते. ते प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाते, कोणी कुठून जोडणी करायची हे ठरवणाऱ्या `pg_hba.conf` या फाइलमध्ये जाते, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जाते. वर्णन एकाच ठिकाणी राहते आणि एका ओळीच्या आज्ञेने बदलता येते. म्हणून जे वर्षानुवर्षे बदलणार नाही तेवढेच नावात घालावे. जे बदलू शकते ते वर्णनात. व्यक्तीचे नाव, पदाचे नाव, मजल्याचा किंवा शाखेचा क्रमांक, आवृत्तीचा आकडा, हे सगळे बदलणारे आहे. कर्जखाती वाचणे हे काम बदलत नाही, ते करणारी माणसे बदलतात.

पतसंस्थेचेच उदाहरण पुढे नेऊ. रोलचे नाव तीन भागांत बसवता येते: कोणती व्यवस्था, कोणता विषय, कोणते काम. त्यातून `pat_karj_read`, `pat_karj_write`, `pat_thev_read` अशी नावे तयार होतात. पहिला भाग काहींना जास्तीचा वाटतो, पण पोस्टग्रेसमध्ये रोल एका डेटाबेसपुरता नसतो, तो त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसना सामाईक असतो. त्याच सर्व्हरवर उद्या दुसऱ्या संस्थेचा हिशेब आला, तर नुसते `karj_read` कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. प्रोग्रॅमसाठीच्या रोलला मध्ये `app` लावावे: सभासदांना एसेमेस पाठवणारा प्रोग्रॅम `pat_app_sms`. कर्मचाऱ्याचा रोल मात्र प्रत्येकाचा स्वतंत्रच हवा, म्हणजे नोंद कोणी बदलली ते लॉगमध्ये दिसते. त्याला कर्मचारी क्रमांक पुरतो, जसे `pat_emp_0147`. अधिकार या रोलला थेट न देता त्याला `pat_karj_write` चा सभासद करावे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा रोल जातो, कामाचा रोल जागेवर राहतो.

नावाच्या लिपीबद्दल मराठी कार्यालयांत एक अडचण हमखास येते. पोस्टग्रेस देवनागरी नावे घेतो, पण नावाला 63 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ‘कर्ज’ या शब्दात क, र, हलन्त आणि ज अशी चार चिन्हे, म्हणजे 12 बाइट होतात. नाव लांबले की शेपूट कापले जाते आणि डेटाबेस फक्त एक सूचना देऊन पुढे जातो. शिवाय मध्यरात्री दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याच्या हाताशी मराठी कीबोर्ड असेलच असे नाही. त्यामुळे नाव रोमन अक्षरांत ठेवणेच बरे. मग दुसरी अडचण येते: एक जण `karj` लिहितो, दुसरा `karja`, तिसरा `loan`, आणि एकाच कामाचे तीन रोल होतात. यावर उपाय एकच, विषयांच्या शब्दांची छोटी ठरलेली यादी. त्या यादीत नसलेला शब्द नावात येऊ द्यायचा नाही.

काही बारीक नियम पोस्टग्रेसने स्वतःच घालून दिले आहेत. अवतरणाशिवाय लिहिलेली मोठी अक्षरे तो छोटी करून घेतो, म्हणून नावात मोठी अक्षरे टाळावीत. आडवी रेघ `-` वापरली तर ते नाव दर वेळी दुहेरी अवतरणात लिहावे लागते, म्हणून `_` बरी. `pg_` ने सुरू होणारी नावे डेटाबेसने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत; तसा रोल करायला गेल्यास तो नकार देतो.

आता वर्णन. पोस्टग्रेसमध्ये ते असे लिहितात:

```
COMMENT ON ROLE pat_karj_write IS
'कर्जखात्यात हप्ता भरणे व दुरुस्ती करणे. नोंद पुसण्याचा
अधिकार मुद्दाम दिलेला नाही. नवा सभासद जोडण्यास कर्ज
विभागप्रमुखांची मंजुरी हवी.';
```

हे वर्णन `\du+` या आज्ञेने रोलच्या यादीतच दिसते. त्यात टेबलांची यादी नाही, हे बरोबरच आहे. कोणत्या टेबलावर कोणता अधिकार आहे हे डेटाबेस कधीही आणि अचूक सांगतो. तीच यादी हाताने उतरवली तर पहिल्याच बदलानंतर ती खोटी ठरते आणि वाचणाऱ्याची दिशाभूल करते. डेटाबेसला जे सांगता येत नाही तेच वर्णनात यावे. त्यातले सर्वांत मोलाचे वाक्य ‘मुद्दाम दिलेला नाही’ हे आहे. एखादा अधिकार नसणे ही चूक होती की निर्णय होता, हे अधिकारांच्या यादीवरून कधीच कळत नाही. ते वाक्य नसेल तर दोन वर्षांनी कोणीतरी तक्रार करतो, नवा अ‍ॅडमिन चांगल्या हेतूने पुसण्याचा अधिकार देऊन टाकतो, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी हप्त्यांच्या नोंदी गायब सापडतात.

दुसरी गरजेची गोष्ट म्हणजे रोल केव्हा वापरला जातो आणि केव्हा काढून टाकता येईल. वर म्हटलेल्या यादीतला `report2` घेऊ. समजा नव्या अ‍ॅडमिनने ऑगस्टमध्ये साफसफाई हाती घेतली. वर्णनाची जागा रिकामी आहे. अधिकार पाहिले तर ठेवी आणि व्याजाची टेबले फक्त वाचण्याची परवानगी दिसते. `pg_stat_activity` मध्ये हा रोल दिसत नाही, पण तिथे फक्त त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्या असतात. मागच्या जोडण्या लॉगमध्ये पाहाव्यात, तर `log_connections` ही सोय मुळात बंद असते. ती आज चालू केली तरी कालचे सांगणार नाही. कार्यालयात विचारले तर कोणालाच माहीत नाही. ती सोय चालू करून दोन महिने वाट पाहिली, तरी लॉगमध्ये `report2` आला नाही.

इथे `DROP ROLE` करण्याचा मोह होतो. तो आवरून रोलचे फक्त लॉगिन बंद करावे आणि वर्णनात तसे लिहावे:

```
ALTER ROLE report2 NOLOGIN;
COMMENT ON ROLE report2 IS
'वापर सापडला नाही म्हणून लॉगिन बंद. पुढच्या 30 एप्रिलनंतरच काढावा.';
```

तारीख 30 एप्रिल, कारण पतसंस्थेची काही कामे वर्षातून एकदाच, 31 मार्चच्या वर्षअखेरीला होतात. समजा त्या रात्री ठेवींवरच्या देय व्याजाचा अहवाल काढणारा जुना प्रोग्रॅम सुरू झाला आणि `report2` नावाने जोडणी मागू लागला. लॉगिन बंद असलेल्या रोलला असे उत्तर मिळते:

```
FATAL:  role "report2" is not permitted to log in
```

अडचण कुठे आहे ते या ओळीतच लिहिलेले असते. एका आज्ञेत लॉगिन परत चालू होते आणि अहवाल निघतो. रोल काढूनच टाकला असता तर, पासवर्डने जोडणी होत असल्यास, प्रोग्रॅमला पासवर्ड चुकल्याचा संदेश मिळाला असता आणि वर्षअखेरीच्या रात्री सगळे पासवर्ड शोधत बसले असते. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असते, पण तिकडे लक्ष जायला वेळ लागतो.

काम कळल्यावर आधी वर्णन लिहावे: ‘वर्षअखेरीचा देय व्याज अहवाल. दरवर्षी 31 मार्चला चालतो, एरवी नाही.’ मग नाव बदलून `pat_app_vyaj` करता येईल. नाव बदलले तरी अधिकार टिकतात, कारण पोस्टग्रेस ते नावाशी नव्हे तर आतल्या क्रमांकाशी जोडतो. मात्र `pg_hba.conf` आणि प्रोग्रॅमची सेटिंग हाताने बदलावी लागते, आणि पासवर्ड जुन्या एमडी5 पद्धतीने साठवलेला असेल तर नाव बदलताच तो पुसला जातो, कारण त्या पद्धतीत पासवर्डच्या गणितात नावही मिसळलेले असते. हे सगळे एका दिवसात जमणार नसेल तर जुने नाव राहू द्यावे. नीट वर्णन असलेले वाईट नाव चालते, वर्णन नसलेले चांगले नाव अर्धेच सांगते. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये तर हा पर्यायही नाही: तिथल्या रोलचे नाव एकदा दिले की बदलता येत नाही, वर्णन मात्र बदलता येते.

वर्णनाच्या काही मर्यादाही आहेत. रोलवरची टिप्पणी त्या सर्व्हरवरच्या कोणत्याही डेटाबेसशी जोडलेल्या कोणालाही वाचता येते, म्हणून त्यात पासवर्ड, सर्व्हरच्या कमकुवत जागा किंवा एखाद्या कर्मचाऱ्याबद्दलचा संशय लिहू नये. एका रोलला एकच टिप्पणी असते. नवी लिहिली की जुनी पूर्ण जाते. बदलांचा इतिहास हवा असेल तर रोल तयार करण्याच्या आणि वर्णनाच्या आज्ञा एका फाइलमध्ये तारखेसह जपाव्यात. आणि रोजचा बॅकअप नुसत्या `pg_dump` ने घेतला जात असेल, तर त्यात रोल आणि त्यांची वर्णने येतच नाहीत. रोल सर्व्हरचे असतात आणि `pg_dump` एका डेटाबेसपुरते पाहतो. त्यांच्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते:

```
pg_dumpall --roles-only > roles.sql
```

या फाइलमध्ये पासवर्डचे साठवलेले रूपही उतरते, म्हणून ती बाकीच्या बॅकअपइतकीच, किंबहुना जास्त, जपून ठेवावी लागते.