चार हजार फोटो आणि कीबोर्डवरची चार बटणं

दोन कॅमेरे, हळद, सीमांतपूजन, लग्न आणि वरात. एवढं झालं की फोटोग्राफरच्या हार्डडिस्कवर चार हजार फोटो सहज पडलेले असतात. घरच्यांना द्यायचे असतात त्यातले सात-आठशे. एका फोटोला दोन सेकंद दिले तरी सव्वादोन तास लागतात. त्यात प्रत्येक फोटोमागे माउसने छोट्या ताऱ्यावर नेम धरायला आणखी दोन सेकंद गेले, तर तेच काम साडेचार तासांवर जातं. म्हणून या कामात हात कीबोर्डवरून उठता कामा नये.

लग्नाच्या कामात बरेच जण वापरतात त्या लाइटरूम क्लासिकचं उदाहरण घेऊ. फोटो आत घेतले की `E` दाबायचं, म्हणजे एकेक फोटो पडदाभर दिसतो. `P` दाबलं की फोटो निवडला जातो, `X` दाबलं की बाद होतो आणि `U` दाबलं की दिलेली खूण निघते. पुढच्या-मागच्या फोटोवर जायला बाणाची बटणं आहेतच. पण `Caps Lock` चालू ठेवलं तर बाणाचीही गरज उरत नाही, कारण खूण पडताच पुढचा फोटो आपोआप समोर येतो. एखाद्याच फोटोपुरतं हे हवं असेल, तर `Shift` धरून `P` दाबायचं.

पहिल्या फेरीत तारे देऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे. तीन की चार, हा विचार सुरू झाला की हात थांबतो. पहिल्या फेरीचा प्रश्न एकच: हा फोटो कामाचा आहे का? डोळे मिटलेले, फ्लॅश न उडालेला किंवा कुणाचा हात आडवा आलेला फोटो असेल तर `X`. मन अडखळलं, तर खूण न करता बाणाने पुढे जावं.

खरी अडचण येते ती एकसारख्या फोटोंची. स्टेजवर मामाकडची मंडळी उभी आहेत, बारा जणांचे सात फोटो आहेत आणि प्रत्येकात कुणी ना कुणी डोळे मिटलेत. एकेक फोटो पुढे-मागे करून इथे निर्णय होत नाही, कारण तिसऱ्या फोटोत काकूंचे डोळे कसे होते हे पाचव्यावर येईपर्यंत आठवत नाही. अशा वेळी `G` दाबून सगळ्या फोटोंच्या जाळीत यायचं, पहिल्यावर क्लिक करायचं, `Shift` धरून सातव्यावर क्लिक करायचं आणि `N` दाबायचं. सातही फोटो शेजारी शेजारी मांडले जातात. जो नको, त्यावर बाणाने जाऊन `/` दाबलं की तो मांडणीतून बाजूला होतो, पुसला जात नाही. उरलेले फोटो दर वेळी मोठे होत जातात, त्यामुळे चेहरे अधिक स्पष्ट दिसतात. शेवटी दोनच उरले, तर `C` दाबून त्यांना समोरासमोर आणायचं आणि `Z` दाबून चेहऱ्यांवर झूम करायचं. जिंकलेल्याला `P`.

जाळीत असताना एक धोका असतो. मामांचे सातही फोटो निवडलेले असताना `X` दाबलं, तर सातही एकदम बाद होतात. बाद झालेले फोटो फिके दिसतात, त्यामुळे एकदम ओळच्या ओळ फिकी पडलेली दिसली की समजावं, आणि लगेच `Ctrl+Z` दाबावं. मॅकवर `Ctrl`ऐवजी `Cmd`. एकच फोटो पडदाभर उघडलेला असताना मात्र खूण सहसा त्या एकाच फोटोवर पडते.

दुसरी चूक घाईची. संगणक मंद असेल तर पुढचा फोटो नीट उमटण्याआधीच बोट पडतं आणि धूसर चित्र बघून चांगला फोटो बाद होतो. रॉ फोटो आत घेतानाच `Embedded & Sidecar` हा प्रिव्ह्यूचा पर्याय निवडला, तर कॅमेऱ्याने फाइलमध्येच ठेवलेलं जेपेग लगेच दिसतं. शिवाय निवड करताना `D` दाबून डेव्हलपमध्ये जाऊ नये, तिथे मूळ रॉ फाइल वाचून चित्र तयार होतं आणि वेग मंदावतो.

निवडलेल्यांची फेरी संपली, की मग तारे. निवडलेलेच फोटो दिसतील असा फिल्टर लावायचा आणि `1` ते `5` हे आकडे वापरायचे. पाच तारे अल्बमच्या मोठ्या पानासाठी, तीन साध्या पानासाठी, असा आपला नियम एकदा ठरवला की पुरे. अंतरपाट दूर होतानाचा तो एकच फोटो पाच ताऱ्यांचा असतो, त्याच्या आगेमागचे दहा नव्हेत. `6` ते `9` हे आकडे रंगीत लेबल लावतात, कृष्णधवल करायचे फोटो वेगळे ठेवायला ती सोयीची.

राहता राहिले बाद फोटो. `Ctrl+Backspace` दाबलं की ते सगळे एकदम काढायचे का, असं विचारलं जातं. तिथे `Delete from Disk` म्हटलं तर फाइलही डिस्कवरून जाते, `Remove` म्हटलं तर फक्त लाइटरूमच्या यादीतून. अल्बम घरच्यांच्या हाती पडेपर्यंत यातलं काहीच दाबू नये. डोळे मिटलेल्या आजोबांचा तो फोटो कधी कधी त्यांचा एकमेव फोटो असतो, आणि घरचे नेमका तोच मागायला येतात.