उंचीचा नियम वजनाला चालत नाही

पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची उंची किती असावी, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या तक्त्यात मिळतं. मधली उंची ११०.० सेंटिमीटर, म्हणजे निम्मी मुलं याहून बुटकी आणि निम्मी उंच. सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार निरोगी मुलांच्या मोजमापांवर हा तक्ता उभा आहे, आणि त्यात दिल्लीची मुलंही होती. अंगणवाडीत बाळाच्या वाढीच्या आलेखावर दिसणाऱ्या रेषा याच तक्त्यातून आल्या आहेत.

उंचीचे आकडे दोन्ही बाजूंना सारखे पसरतात. आलेख काढला तर मधे फुगलेली, दोन्हीकडे सारखी उतरणारी घंटा दिसते. अशा घंटेला एक सोपा नियम लागू पडतो. सरासरीपासून एक प्रमाण विचलन अलीकडे-पलीकडे सुमारे ६८ टक्के मुलं बसतात, दोन विचलनांत ९५ टक्के आणि तीन विचलनांत ९९.७ टक्के. पाच वर्षांच्या मुलांच्या उंचीचं विचलन सुमारे ४.६ सेंटिमीटर आहे. त्यामुळे दोन विचलनांची खालची रेषा १००.७ वर आणि वरची ११९.२ वर येते. सरासरी आणि विचलन, एवढे दोनच आकडे हाती असले की सगळं चित्र उभं राहतं.

वजनाचं तसं नाही. याच वयाच्या मुलाचं मधलं वजन १८.३ किलो. तक्त्यातली उणे दोनची रेषा १४.१ वर आहे, म्हणजे ४.२ किलो खाली. अधिक दोनची रेषा मात्र २४.२ वर, म्हणजे ५.९ किलो वर. हाडं, स्नायू आणि अवयव यांचं काही किमान वजन असतंच, त्यामुळे खालची बाजू आखडलेली राहते. वरच्या बाजूला चरबी साठत जाते आणि तिला तशी मर्यादा नाही. म्हणून ही घंटा उजवीकडे ओढल्यासारखी दिसते.

आता इथे कुणी उंचीचाच हिशेब लावला तर? दोन्ही अंतरांची सरासरी साधारण ५ किलो. ती दोन्हीकडे वापरली, तर खालची रेषा १३.३ वर आणि वरची २३.३ वर जाईल. मग १३.७ किलोचा मुलगा ठीक ठरेल. खरं तर तो कमी वजनाचा आहे आणि त्याच्याकडे लगेच लक्ष द्यायला हवं. उलट २३.७ किलोच्या मुलाला विनाकारण जास्त वजनाच्या बाजूला ढकललं जाईल.

ही चूक मध्यापाशी सहज कळत नाही, हे विशेष. एका विचलनाच्या रेषा मधल्या वजनापासून २.३ आणि २.७ किलोंवर आहेत, फरक किरकोळ वाटतो. तीन विचलनांपाशी मात्र तीच अंतरं ५.९ आणि ९.६ किलो होतात. म्हणजे कुपोषणाचा निर्णय जिथे घ्यायचा, नेमका तिथेच नियम फसतो. म्हणून आकडे सममित आहेत का हे पाहायचं, तर मध्यापासून दोन्ही कडांपर्यंतची अंतरं मोजून पाहावीत.

कललेल्या आकड्यांसाठी पर्सेंटाइलचं विधान प्रामाणिक ठरतं. शंभरातली तीन मुलं १४.३ किलोहून हलकी आणि तीन २३.८ हून जड, एवढंच ते सांगतं. घंटेचा आकार कसाही असो, हे विधान ढळत नाही. तक्ता करणाऱ्यांनीही वजनावर आधी गणिती रूपांतर करून त्याचा कल काढून टाकला, रेषा आखल्या आणि मग त्या पुन्हा किलोत आणल्या. म्हणून तक्त्यातली ‘उणे दोन’ म्हणजे सरासरीतून कशाची तरी दुप्पट वजा केलेली रेषा नव्हे. शंभरातली साधारण सव्वादोन मुलं जिच्या खाली येतात, ती ही रेषा.

तरी पर्सेंटाइलवर कुठेही डोळे मिटून विसंबता येत नाही. एका गावातल्या चाळीस मुलांच्या वजनांतून तिसरं पर्सेंटाइल काढलं, तर ते जवळपास सर्वांत हलक्या एखाददुसऱ्या मुलावर टेकलेलं असतं. तो मुलगा त्या दिवशी तापाने उतरलेला असेल, तरी सगळी रेषा खाली सरकते. मूल आधीच फार खाली गेलेलं असेल, तर दुसरी अडचण येते. ११.० किलोचा पाच वर्षांचा मुलगा पहिल्या पर्सेंटाइलच्याही खाली असतो. पोषण आहाराने तो ११.९ किलोवर आला, तरी तो ‘पहिल्याखालीच’ राहतो आणि मिळवलेले नऊशे ग्रॅम कागदावर दिसतच नाहीत. कल सांभाळून आखलेल्या विचलनाच्या मापात मात्र तो उणे ३.८ वरून उणे ३.३ वर आलेला दिसतो. त्यामुळे तीव्र कमी वजनाची मुलं ओळखताना पर्सेंटाइलऐवजी उणे तीनची रेषा पाहिली जाते.