विश्लेषण : अंतराळात साम्राज्य उभारायचे, पण सावकाश, ‘स्टेलारिस’ की ‘डिस्टंट वर्ल्ड्‌स २’?

शोध घ्या, विस्तार करा, संसाधने वापरा आणि शत्रूला संपवा, या चार कामांवरून अशा गेम्सना ‘फोर-एक्स’ म्हणतात. ‘मास्टर ऑफ ओरायन’वर लिहिताना ॲलन एमरिक यांनी १९९३ मध्ये हा शब्द रूढ केला. आठवडेच्या आठवडे एकच मोहीम खेळणाऱ्यांसमोर आज दोन नावे प्रामुख्याने येतात. दोन्ही कॉम्प्युटरवरचे गेम आहेत, फोनवर शोधू नयेत.

जास्त ग्रह म्हणजे जास्त ताकद?

‘स्टेलारिस’मध्ये (२०१६) नवखा खेळाडू इथेच फसतो. दिसेल तो ग्रह वसवला की ‘एम्पायर साइज’ वाढतो. हा आकडा १००च्या पुढे गेला, की प्रत्येक संशोधन महाग होत जाते.

समजा, एका तंत्रज्ञानाला ४,००० गुण लागतात आणि महिन्याला २०० मिळतात. म्हणजे २० महिने. घाईने वसाहती वाढवल्यावर उत्पन्न २४० झाले, पण किंमत ५,२०० वर गेली, तर तेच काम जवळपास २२ महिन्यांचे होते. साम्राज्य मोठे, प्रगती मात्र मंद. ओळखायचे कसे? उत्पन्नाचा आकडा पाहून नाही, तर पुढचे संशोधन किती महिन्यांत संपेल ते पाहून. आधीच्या वसाहती भरून त्यांचे उत्पन्न सुरू झाले, की मगच पुढचा ग्रह घ्यावा.

खेळ २२०० साली सुरू होतो आणि मूळ सेटिंगमध्ये अखेरचा टप्पा २४०० मध्ये येतो. संथ खेळ हवा म्हणून अनेक जण संशोधनाची किंमत वाढवतात, पण हे वर्ष पुढे ढकलायला विसरतात. मग अर्धवट तयारीच्या ताफ्यावर महासंकट कोसळते. शिवाय लोकसंख्या वाढली की गेम अडखळतो. साधा कॉम्प्युटर असेल, तर १,००० ताऱ्यांची आकाशगंगा टाळलेली बरी.

इंधन संपले तर?

‘डिस्टंट वर्ल्ड्‌स २’मध्ये (२०२२) वेगाला लगाम इंधनाचा आहे. मालवाहू जहाजे खासगी असतात. खेळाडू त्यांना हुकूम देऊ शकत नाही, कर तेवढा मिळतो. त्यामुळे सीमा फार पुढे नेली, तर तिथे इंधन पोहोचतच नाही आणि युद्धनौका रांगत राहतात. नौका वारंवार मागे फिरू लागल्या, की समजावे. उपाय म्हणजे सीमेजवळच्या वायुग्रहावर आधी खाणतळ उभारायचा आणि मगच ताफा पुढे न्यायचा.

यात जवळपास प्रत्येक काम ‘ऑटोमेशन’वर सोडता येते. सुरुवातीला सगळेच सोडावे आणि एकेक खाते हाती घेत जावे. सगळे एकदम हाती घेणारा खेळाडू बहुधा पहिल्याच संध्याकाळी गेम बंद करतो.

कथा आणि मुत्सद्देगिरी आवडत असेल, तर ‘स्टेलारिस’. पुरवठ्याच्या गणितात रमणाऱ्यांना दुसरा गेम अधिक भावेल, फक्त त्याचे मेन्यू शिकायला दोन-तीन रविवार हाताशी ठेवावेत.